फ्लॅग लागण्याआधी: वर्गात लिहून घेतलेल्या नमुन्यांच्या प्रकल्प नोंदी

लिखाण यंत्राचं आहे का हे सांगणाऱ्या एआय-डिटेक्टरने घरून लिहून आणलेल्या निबंधावर संशयाचा फ्लॅग लावला की शिक्षकाकडे एक टक्केवारी येते आणि समोर मूल बसलेलं असतं. त्या आकड्याला ताडून बघायला दुसरं काहीच हाताशी नसतं. म्हणून वर्गात, डोळ्यांसमोर लिहिलेले छोटे नमुने प्रत्येकाकडून आधीच घेऊन ठेवायचे ठरले, म्हणजे कोणाची लिहिण्याची ढब कशी आहे ते फ्लॅग लागण्याआधी माहीत असेल. वर्ग ४१ जणांचा, विषय मराठी, गृहपाठाचे निबंध २५० ते ४०० शब्दांचे, काम दोन शिक्षकांचं. जे फसलं ते फसलं तसंच नोंदवलं आहे.

आठवडा १, सोमवार

नमुने घ्यायच्या आधी आपल्याकडचं साधन स्वतःबद्दल काय सांगतं ते वाचलं. मदतीच्या पानावर चालणाऱ्या भाषांची यादी आहे आणि तिच्यात मराठी नाही. तरी मराठी मजकूर दिला की ते मुकाट्याने टक्केवारी देतं. ही गोष्ट छापून फायलीच्या पहिल्या पानावर लावली.

किमान लांबीही बघावी. उदाहरणार्थ, टर्निटिन या कॉपी तपासणाऱ्या साधनाच्या एआय-अहवालाला निदान ३०० शब्दांचा सलग मजकूर लागतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने एआयचं लिखाण ओळखायला जानेवारी २०२३ मध्ये आणलेलं स्वतःचं साधन त्याच वर्षी जुलैमध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतलं, आणि चालू होतं तेव्हाही ते फक्त इंग्रजीसाठी वापरा असंच कंपनी सांगत होती. आपला २५० शब्दांचा मराठी निबंध यात कुठे बसतो ते ज्याचं त्याने ठरवावं.

वेळ: ४० मिनिटं. हे वाचन सगळ्यांनी आधी करावं. नंतर फ्लॅग लागल्यावर केलं तर ते कोणाची तरी बाजू घेतल्यासारखं दिसतं.

आठवडा १, बुधवार: नमुना १, फसला

विषय दिला "वाचनाचे महत्त्व", वेळ ५ मिनिटं. कशासाठी लिहून घेतोय ते सांगितलं नाही. तिन्ही गोष्टी चुकल्या.

पाच मिनिटांत बहुतेकांचे ४० ते ६० शब्द झाले. तेवढ्यात पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य एवढंच येतं, मधला माणूस येतच नाही. विषय तर पाठ असलेला निघाला. ३८ जण हजर होते, त्यातल्या १६ जणांची सुरुवात "वाचनाला मानवी जीवनात अनन्यसाधारण महत्त्व आहे" किंवा त्याच्या सख्ख्या भावंडाने झाली होती. ११ जणांचा शेवट "म्हणूनच म्हणतात, वाचाल तर वाचाल". नावं झाकली तर कागद एकमेकांत सहज बदलता आले असते.

न सांगण्याचा परिणाम मधल्या सुट्टीतच दिसला. अक्षरं तपासायला घेतलंय, कॉपी पकडायला घेतलंय, अशा दोन अफवा उठल्या.

हे कागद रद्दीत टाकायचे होते. गठ्ठा बांधून कपाटात ठेवला, कारण टाकायलाही जिना उतरावा लागतो. सातव्या आठवड्यात त्या आळसाचा उपयोग झाला.

आठवडा १, शुक्रवार: नमुना २

आधी हेतू सांगितला, शब्द ठरवून:

"घरच्या निबंधावर मशीनने शंका घेतली तर तुमचं लिखाण कसं असतं हे आम्हाला आधीच माहीत असावं, म्हणून हे कागद आहेत. यांना गुण नाहीत. शुद्धलेखन तपासणार नाही. कागद वर्ष संपेपर्यंत कपाटात राहतील, तुम्हाला कधीही बघता येतील. हे कागद तुमच्या बाजूनेही बोलू शकतात आणि विरुद्धही, पण नुसत्या यांच्यावरून कोणावर ठपका ठेवणार नाही."

शेवटचं वाक्य घालायचं की नाही यावर दोघांत वाद झाला. "तुमच्या बाजूने" एवढंच सांगितलं असतं तर ऐकायला गोड, पण खोटं झालं असतं.

विषय: "तुम्हाला हाताने करता येणारी एक गोष्ट, ती पहिल्यांदाच करणाऱ्याला समजावून सांगा. तुमचं पहिल्यांदा कुठे चुकलं तेही लिहा." वेळ १२ मिनिटं. शब्द ९० ते १४० भरले. या विषयाला पाठ केलेलं उत्तर कुठेच मिळत नाही, आणि "कुठे चुकलं" या भागात प्रत्येकाला स्वतःचंच काहीतरी काढावं लागतं.

दोघांनी एकच काम निवडलं होतं, सायकलचं पंक्चर. त्यामुळे फरक नीट दिसला. पट क्रमांक २३: "ट्यूब बाहेर काढायची पण सगळी नाही, मुळात सगळी काढायची गरजच नसते, भोक एकाच जागी असतं ना. मी पहिल्यांदा सगळी काढली आणि मग परत बसवताना ती चिमटली आणि दुसरं भोक पडलं." पट क्रमांक ३१: "चाक काढा. ट्यूब काढा. पाण्यात धरा. बुडबुडे येतील तिथे खूण करा. मी खूण केली नव्हती. परत शोधावं लागलं."

एकाच्या वाक्याला "मुळात" आणि "ना" ही दोन टोकं, आणि मधे "आणि मग". दुसऱ्याचं प्रत्येक वाक्य क्रियापदावर धाडकन संपतं. हवं होतं ते हेच, आणि त्याला १२ मिनिटं पुरली.

आठवडा २, मंगळवार: कागदाचे नियम

दोन नमुन्यांनंतर नियम पक्के केले.

अर्धा ए-फोर कागद, एकच बाजू. पेन चालेल, खोडरबर आणि व्हाइटनर नाही. चुकलं तर एक रेघ मारून पुढे जायचं. खाडाखोड वाचता आली पाहिजे, कारण लिहिणारा कुठे अडतो आणि पहिला शब्द टाकून कोणता घेतो हे त्यातूनच कळतं. २३ने एका ठिकाणी "परंतु" लिहून, रेघ मारून, वर "पण" लिहिलं आहे. हा एक खोडलेला शब्द पानभर मजकुरापेक्षा जास्त सांगून गेला.

वर उजवीकडे पट क्रमांक, तारीख आणि सुरू केल्याची वेळ. नाव लिहायचं नाही. का ते पाचव्या आठवड्यात येईल.

एका नमुन्याला तासिकेतला वेळ किती लागतो: स्थिर व्हायला ३ मिनिटं, लिहायला १२, गोळा करायला २. म्हणजे अर्धी तासिका गेलीच असं धरून चालावं. सत्रात चारपेक्षा जास्त नमुने घेणं अभ्यासक्रमाला परवडत नाही आणि चारच्या पुढे नवीन काही दिसतही नाही.

आठवडा ३, सोमवार आणि मंगळवार: कार्ड, आणि वाया गेलेली संध्याकाळ

प्रत्येकाच्या ढबीचं एक कार्ड करायचं होतं. पहिल्या दिवशी १८ रकान्यांचा तक्ता केला: सरासरी वाक्यलांबी, विशेषणांचं प्रमाण, स्वल्पविराम किती, जोडाक्षरी शब्द किती वगैरे. एका कागदाला सहा मिनिटं लागली. चार तास भरले आणि तक्ता कोणत्याच कामाचा निघाला नाही. १२० शब्दांत दहाबारा वाक्यं असतात. त्यातलं एक लांबलं की सरासरी उड्या मारते. त्याच मुलाच्या पुढच्या नमुन्यात आकडे पार वेगळे आले.

लहान शब्द मोजून लेखक ओळखण्याचं काम पूर्वी झालेलं आहे. मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या 'फेडरलिस्ट' लेखांपैकी वादातले १२ लेख दोन लेखकांपैकी कोणाचे, हे अशाच बारीकसारीक शब्दांवरून काढून दाखवलं. पण त्यांच्यापाशी दोन्ही लेखकांचं ढीगभर लिखाण होतं. आपल्यापाशी अर्धा कागद आहे. म्हणून मोजणं सोडलं आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे उतरवायला घेतले.

नव्या कार्डावर पाच ओळी:

१. वाक्याची सुरुवात कशाने होते (एक अवतरण)
२. दोन वाक्यं कशाने जोडतो: आणि, व, पण, परंतु, म्हणून, त्यामुळे
३. उदाहरण कुठून येतं: स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं, की पाठ्यपुस्तकातलं
४. अडला की काय करतो (खाडाखोडीतून)
५. शेवट कसा करतो (एक अवतरण)

एका कागदाला दोन मिनिटं. दुसरी ओळ मराठीत फार कामाची आहे. "व" वापरणारं मूल "आणि" क्वचितच वापरतं, आणि त्याची त्याला कल्पनाही नसते.

शुद्धलेखनाची ओळ मुद्दाम ठेवली नाही. हाताने "निर्मीती" लिहिणारं मूल टाइप करताना "निर्मिती" लिहितं, कारण कळफलक शब्द सुचवतो. वर्गात चुका आणि घरी शून्य चुका, यातून काहीच सिद्ध होत नाही. बोलून टाइप करणाऱ्यांचे विराम गायब होतात, तेही तसंच.

आठवडा ४, बुधवार: ताडून पाहिलं आणि सगळेच संशयित निघाले

कार्डं उपयोगी पडतात का ते बघायला मागच्या सत्रातले, कोणताही फ्लॅग नसलेले दहा निबंध घेतले आणि कार्डाशी जुळवले. दहापैकी आठ "हे त्याचं नाही" या रकान्यात गेले. म्हणजे निबंधांत खोट नव्हती, जुळवणीतच होती.

कारण साधं निघालं. नमुना २ बोलका आहे, पहिल्या खर्ड्यातला आहे. निबंध औपचारिक असतो आणि घरी दोनदा तरी हात फिरवलेला असतो. पंक्चर समजावून सांगणारा मुलगा "ना" लिहितो, निबंधात तो स्वतःच ते काढून टाकतो. साध्या कपड्यातला माणूस लग्नात ओळखू येत नाही म्हणून तो दुसराच कोणी ठरत नाही.

या चुकीला एक आठवडा गेला, पण पूर्ण प्रकल्पातली सगळ्यात कामाची दुरुस्ती इथूनच निघाली.

आठवडा ४, गुरुवार आणि शुक्रवार: नमुना ३, दोन रंगांत

गुरुवारी गृहपाठासारखाच औपचारिक विषय दिला: "शाळेत मोबाइल असावा की नसावा". वेळ १५ मिनिटं, निळं पेन. कागद गोळा केले. शुक्रवारी तेच कागद परत दिले, सोबत शब्दकोश आणि हिरवं पेन. सूचना एकच: "गुणांसाठी द्यायचा आहे असं समजून सुधारा." आणखी १५ मिनिटं.

हिरव्या शाईत प्रत्येक मूल आपला निबंध "चांगला" कसा करतं ते दिसलं. ३१ने वाक्यं तशीच आखूड ठेवली, फक्त क्रम बदलला. २३ने "मुळात" खोडून "वस्तुतः" केलं, एक "आणि मग" तोडून दोन वाक्यं केली आणि शेवटी एक म्हण चिकटवली. तिघांनी काहीच बदललं नाही, फक्त अक्षर गिरवलं. हेही कार्डावर लिहिलं, कारण काहीच न सुधारणाऱ्या मुलाचा घरचा निबंध एकदम घोटीव आला तर प्रश्न विचारायला जागा आहे. खूप सुधारणाऱ्याच्या बाबतीत ती जागा कमी आहे.

ज्यांना फक्त एकच नमुना घेता येणार असेल त्यांनी हा घ्यावा. बाकीचे सोडले तरी चालतील.

हिरवी पेनं ४१ लागतात. ती मुलांकडे नसतात, आधी जमवावी लागतात. शुक्रवारी १९ कमी पडली, उरलेल्यांनी पेन्सिल वापरली आणि झेरॉक्समध्ये निळं आणि पेन्सिल सारखंच आलं. त्या १९ कागदांवर सुधारलेल्या जागा नंतर हाताने खुणा करून घ्याव्या लागल्या.

आठवडा ५, सोमवार: गैरहजर आणि हळू लिहिणारे

सहा जणांचे नमुने अपुरे होते. त्यांना एकत्र बसवून घेतले. नियम ठरला: तीनपेक्षा कमी नमुने असतील तर त्या मुलाच्या निबंधाची ढबीवरून तुलना करायचीच नाही.

दोन मुलांचा हात सावकाश चालतो, एकाला वाचन-लेखनाची अडचण आहे. त्यांना २५ मिनिटं दिली आणि तिसऱ्याचं तोंडी सांगणं शिक्षकाने शब्द न बदलता उतरवून घेतलं. कागदाच्या कोपऱ्यात तशी नोंद केली. ती नसेल तर वर्षाच्या शेवटी कोणीतरी ते अक्षर बघून भलताच निष्कर्ष काढेल.

आठवडा ५, शुक्रवार: आपली नजर तपासली

दोन्ही शिक्षकांना एव्हाना वाटायला लागलं होतं की आपण कोणाचंही लिखाण ओळखतो. ते खरं आहे का ते तपासलं. वर्गातच लिहिलेले, कार्डं करताना न वापरलेले १२ परिच्छेद घेतले. प्रत्येकासोबत पाच मुलांची कार्डं आणि नमुने ठेवले, त्यातलं एक खरं. दुसऱ्या शिक्षकाने लेखक निवडायचा.

पहिली फेरी बाराला बारा. आनंद अर्धा तास टिकला. परिच्छेद हस्तलिखित होते आणि ओळखलं जात होतं ते अक्षर. निनावी कागदांचाही इथे उपयोग झाला नाही, कारण अक्षर हे नावापेक्षा ठळक असतं.

मग नवे १२ परिच्छेद टाइप केले, चुका आणि विराम जसेच्या तसे ठेवून. त्याला दोन तास लागले. दुसऱ्या फेरीत बारापैकी सात बरोबर आले. नुसत्या अंदाजाने दोन-तीन आले असते, तेव्हा ढब दिसते हे खरं. पण पाच चुकले, आणि चुकताना शिक्षकाला तितकीच खात्री वाटत होती. चुकलेल्या पाचांतले चार परिच्छेद नीटनेटकं, मध्यम, कुठेही न खटकणारं लिहिणाऱ्या मुलांचे होते.

यावरून दोन बदल केले. अशा नऊ मुलांच्या कार्डावर लाल अक्षरांत "ढब ठळक नाही" लिहिलं, म्हणजे तिथे तुलना चालणार नाही. आणि फायलीच्या पहिल्या पानावर, डिटेक्टरच्या माहितीच्या खाली, हा निकाल चिकटवला: आमची नजर १२ पैकी ५ वेळा चुकली. मशीनच्या मर्यादा छापायच्या आणि आपल्या लपवायच्या, हे बरं दिसत नाही.

आठवडा ७, सोमवार ते बुधवार: पहिला फ्लॅग

पट क्रमांक २३. निबंध "प्रवासातून मिळणारे शिक्षण", ३१० शब्द, चार परिच्छेद. साधनाचा आकडा ७४ टक्के. पहिला आणि चौथा परिच्छेद पूर्ण रंगवलेले, तिसऱ्यातली दोन वाक्यं रंगवलेली, दुसरा कोरा.

पहिलं काम, निबंधाची रंग नसलेली प्रत काढली. रंगवलेलं वाक्य वाचताना डोळा त्यात दोष शोधायलाच बसतो. ही प्रत दुसऱ्या शिक्षकाला पाच मुलांच्या फायलींसोबत दिली, निबंध कोणाचा हे न सांगता. उत्तर आलं: दुसरा आणि तिसरा परिच्छेद २३चे, पहिला आणि चौथा सांगता येत नाही.

दुसऱ्या परिच्छेदात होतं: "बस चुकली की माणसं एकमेकांशी बोलायला लागतात. वस्तुतः तोपर्यंत सगळे मोबाइलमध्ये असतात." इथलं "वस्तुतः" हिरव्या शाईतलं. "मुळात" लिहून मग सुधारायची त्याची सवय नमुना ३ मध्ये कागदावर आहे. उदाहरणही स्वतः पाहिलेलं, कार्डाच्या तिसऱ्या ओळीप्रमाणे.

प्रश्न पहिल्या परिच्छेदाचा होता: "प्रवासाला मानवी जीवनात अनन्यसाधारण महत्त्व आहे. प्रवासामुळे माणसाचे केवळ ज्ञानच वाढत नाही, तर त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास होतो." नमुना २ आणि ३ मध्ये असं एकही वाक्य नाही. इथपर्यंतच पाहिलं असतं तर शेरा पडला असता की सुरुवात आणि शेवट दुसरीकडून आणलेले आहेत.

तेव्हा कपाटातला पहिल्या आठवड्यातल्या बुधवारचा गठ्ठा आठवला. त्यात २३चा कागद होता, पाच मिनिटांत, समोर बसून, हाताने लिहिलेला: "वाचनाला मानवी जीवनात अनन्यसाधारण महत्त्व आहे. वाचनामुळे माणसाचे केवळ ज्ञानच वाढत नाही, तर" आणि वेळ संपली. साचा तोच, फक्त "वाचन" काढून "प्रवास" बसवला आहे. मुलाला हा साचा तोंडपाठ आहे आणि "महत्त्वाचा" निबंध म्हटलं की तो आधी तोच काढतो. फसलेला नमुनाच इथे कामी आला. त्यात ढब नव्हती, पण पाठांतर होतं, आणि ते कोणाकडे किती आहे हेही माहीत असावं लागतं.

साधनाने नेमके तेच परिच्छेद का रंगवले याचं उत्तरही यातच आहे. अशी बरीच साधनं पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो यावर भिस्त ठेवतात. "अनन्यसाधारण" नंतर "महत्त्व" येणार हे कोणीही सांगेल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले होते. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिलेले ठरवले गेले. कारण म्हणून ठरावीक, कमी वळणांची शब्दरचनाच पुढे आली. पाठ केलेला मराठी साचा त्याच जातीचा.

बुधवारी मुलाशी आठ मिनिटं बोललो. "तू एआय वापरलंस का" हा प्रश्न विचारला नाही. त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं आणि दोन्ही तपासता येत नाहीत. विचारलं ते असं: बसचा प्रसंग आधी कुठे होता, काय काढून टाकलंस, पहिला परिच्छेद कधी लिहिलास. त्याने वहीची मागची बाजू दाखवली. तिथे बसचा प्रसंग दीड पान होता, "ना" सकट. पहिला परिच्छेद वहीत नव्हताच, "तो लिहावा लागत नाही, येतोच" असं म्हणाला.

निर्णय: फ्लॅग बंद. फायलीत अर्ध्या पानाची नोंद, कोणते कागद पाहिले त्यांच्या तारखांसह. गुण नेहमीच्याच मोजमापाने दिले. साच्यातल्या सुरुवातीचे जे गुण सगळ्यांचे जातात ते त्याचेही गेले. एकूण वेळ १ तास ५० मिनिटं, त्यातली २० गठ्ठा शोधण्यात. तेव्हापासून फसलेले नमुनेही फायलीत क्रमाने लावतो.

आठवडा ८, गुरुवार: दुसरा फ्लॅग, न सुटलेला

पट क्रमांक ८, आकडा ८८ टक्के. नमुने तीन, कार्डावर लाल "ढब ठळक नाही". निबंध नमुन्यांपेक्षा खूपच सफाईदार, पण आपल्याच नियमाप्रमाणे तुलना करता येत नव्हती. वही नव्हती, थेट फोनवर टाइप केलेलं. बोलण्यात निबंधातले मुद्दे नीट सांगितले, दोन ठिकाणी निबंधात नसलेली भरही घातली.

मोठ्या भावंडाने हात फिरवला असेल, यंत्राने लिहिलं असेल, किंवा मुलाने स्वतःच खूप वेळ दिला असेल. या तीन शक्यता नमुने वेगळ्या करू शकत नाहीत. ठपका ठेवला नाही. त्या निबंधाऐवजी वर्गात १५ मिनिटांत लिहिलेला निबंध गुणांसाठी धरायचं ठरलं आणि तिथे दोघांचं पुन्हा वाजलं. एकट्याला परत लिहायला बसवणं हीच शिक्षा, असं एकाचं म्हणणं. ते पटलं. म्हणून सत्रातला एक निबंध सगळ्यांनीच वर्गात लिहायचा असा बदल केला आणि ८चा तोच धरला. घरचा निबंध गुणांशिवाय परत दिला.

आठवडा १०, सोमवार: साठवण आणि नवे नमुने

नमुना ४ घेतला, नमुना ३सारखाच दोन रंगांत. सुरुवातीच्या कार्डांशी पाहिलं तर सात मुलांची ढब हलली होती. एकाने "परंतु" सोडून "पण" धरलं, दोघांची वाक्यं लांबली. शिकवलेलं थोडं तरी लागतं म्हणायचं. पण त्यामुळे इतकं जुनं कार्ड आजच्या निबंधाला लावणं चुकीचं ठरतं. दर आठ आठवड्यांनी एक नवा नमुना, आणि तुलना निबंधाच्या सगळ्यात जवळच्या तारखेच्या कागदाशी.

नमुने कोणत्याही डिटेक्टरच्या संकेतस्थळावर चढवायचे नाहीत, तपासून बघायला म्हणूनही नाही. मुलांना कपाटात राहतील असं सांगितलं आहे. फायली पट क्रमांकाप्रमाणे, नावांची यादी वेगळ्या खणात.

आतापर्यंतचा हिशोब: चार नमुन्यांचे १६४ कागद, हिरवी पेनं ४१, वर्गातल्या पाच अर्ध्या तासिका, दोघांचे मिळून साधारण १९ तास. त्यातले सात वाया: १८ रकान्यांच्या तक्त्याचे चार, अक्षर ओळखण्याच्या फेरीचा एक, पेन्सिलच्या खुणांचे दोन.

वर्षअखेर कागद ज्याचे त्याला परत द्यायचे, न नेलेले फाडायचे. तारीख कपाटाच्या दाराला आतून लावली आहे.